चाळणीत उरतं ते

गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. काकू सोप्यात बसून पीठ चाळत होती. गिरणीतून नुकतंच आलेलं, अजून कोमट असलेलं गव्हाचं पीठ. बोलता बोलता म्हणाली, "आमच्या घरात मैदा बंद केलाय बघ. आतड्याला चिकटतो म्हणे तो. आम्ही गिरणीचंच खातो." हे सांगत असताना तिच्या हातात बारीक जाळीची चाळण होती आणि चाळणीत उरलेला तांबूस कोंडा ती म्हशीच्या बादलीत टाकत होती.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, त्यामुळे मला गप्प बसवेना. मैदा आणि कणिक यांत जो काही फरक आहे, तो जवळजवळ सगळा त्या बादलीत चालला होता.

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. आत पांढरा पिठूळ गाभा, तो दाण्याच्या वजनाच्या साधारण 80 टक्के. टोकाला इवलासा अंकुर. आणि बाहेरून कोंड्याचे थर, साधारण 14-15 टक्के. आपली गिरणी दाणा अख्खा भरडते, त्यामुळे तिन्ही भाग एकत्र पिठात येतात. मैद्याच्या मिलमध्ये लोखंडी रोलर दाणा फोडतात, कोंडा पापुद्र्यासारखा सुटतो, आणि चाळण्यांच्या थरांतून तो आणि अंकुर बाजूला काढून फक्त गाभा बारीक करतात. म्हणजे मैदा हा काही वेगळा, परका पदार्थ नाही. तो गहूच आहे, पूर्ण चाळलेला.

मग मी काकूचा वजनकाटा घेतला. एक किलो पीठ तिच्या चाळणीतून चाळलं तर 110 ग्रॅम कोंडा निघाला. न चाळलेल्या 100 ग्रॅम पिठात साधारण 11 ग्रॅम तंतू असतात, मैद्यात जेमतेम 3. म्हणजे किलोभर पिठात 110 ग्रॅमच्या आसपास तंतू. निव्वळ कोंड्याचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग तंतूच असतो. या कोंड्याला थोडं पीठ चिकटलेलं होतं, म्हणून कमी धरून 40 ग्रॅम म्हणू. एका चाळणीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तंतू गेले! सणाच्या पोळ्यांसाठी तेच पीठ वस्त्रगाळ केलं की ते मैद्याच्या आणखी जवळ जातं.

आता ते चिकटण्याचं. निवडणुकीत पोस्टर चिकटवायला मैद्याची खळ करतात, ती बघूनच ही समजूत पक्की झाली असावी. काकूच्या नातवाला घेऊन मी चमचाभर मैदा पाण्यात शिजवून घट्ट खळ केली आणि कोमट झाल्यावर दोन वाट्यांत घातली. एका वाटीत त्याला दोन-तीनदा थुंकायला लावलं (तो आनंदानं तयार झाला), दुसरीत तेवढंच पाणी घातलं. दोन्ही ढवळून कोमट पाण्याच्या परातीत ठेवल्या. दहा मिनिटांत थुंकीची वाटी पाण्यासारखी पातळ झाली, दुसरी तशीच गच्च. थुंकीतलं अमायलेज पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं. स्वादुपिंडातून तेच काम करणारा रस लहान आतड्यात कितीतरी जास्त येतो. मैद्याची साखर होते आणि ती रक्तात शोषली जाते. चिकटून बसायला तिथं काही उरतच नाही.

आणि खरी अडचण तीच आहे, काही उरत नाही ही. कोंड्यातले तंतू आपल्या कुठल्याच पाचकरसानं तुटत नाहीत. ते मोठ्या आतड्यापर्यंत तसेच जातात. तिथले जिवाणू त्यातला थोडा भाग खातात, बाकीचा पाणी धरून ठेवतो, मळ मऊ आणि भरीव होतो, लवकर पुढे सरकतो. सकाळी चहाबरोबर टोस्ट, दुपारी बन, रात्री मैद्याचा परोठा असा दिवस गेला की पोट साफ होत नाही. मैदा आत अडकला म्हणून नव्हे, ढकलायला मागून काही आलं नाही म्हणून.

"मैद्यात काहीच नसतं" असंही म्हणतात, ते खरं नाही. प्रथिनं दोन्हींत जवळजवळ सारखी, शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास. घटतं ते लोह, मॅग्नेशियम, जस्त आणि ब-1 जीवनसत्त्व, कारण त्यांचा साठा कोंड्याच्या आतल्या थरात आणि अंकुरात असतो. लोह निम्म्याहून कमी राहतं, मॅग्नेशियम पाव हिस्सा. पण त्याच कोंड्यात फायटिक आम्लही असतं, आणि ते लोहाला धरून ठेवतं. म्हणून कणकेत दुप्पट लोह आहे याचा अर्थ रक्तात दुप्पट पोचतं असा नाही. चपातीबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर असली तर शोषण सुधारतं.

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते काकांबद्दल. त्यांना मधुमेह आहे. मैदा सोडलाय, म्हणून चार चपात्या निर्धास्त खातात. खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते हे सांगणारा आकडा म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. ग्लुकोजचा 100 धरला तर पांढऱ्या ब्रेडचा तो साधारण 75 आणि अख्ख्या गव्हाच्या ब्रेडचा 74. फरक नसल्यातच जमा! गव्हाचे तंतू बहुतेक न विरघळणारे. ते पोट साफ करतात, पण जेवणानंतर चढणारी साखर फारशी रोखत नाहीत. दाणा एकदा बारीक दळला की गाभा उघडा पडतो आणि पाचकरसाला आयता मिळतो, कोंडा सोबत असो वा नसो. वेग कमी होतो तो दाणा तुकड्यात राहिला तर. आपल्याकडच्या खपलीच्या भरड कण्या शिजवून तिखटमिठाच्या केल्या तर त्याच गव्हाची साखर सावकाश चढते. गूळ घातलेल्या खिरीची गोष्ट अर्थातच वेगळी. पीठच खायचं तर चपात्या कमी आणि पानात आमटी, उसळ, भाजी जास्त, हाच काकांसाठी उपाय. न चाळलेलं पीठ जरूर खावं, पण त्याच्या भरवशावर चपात्या मोजणं सोडू नये.

काकू चाळते ते आळसानं किंवा अज्ञानानं नव्हे. न चाळलेल्या पिठाची चपाती कडक होते, आणि काकांना चावत नाही. कोंड्याचे कण कणकेतल्या ग्लुटेनच्या जाळ्यात आडवे येतात, म्हणून ती ताणत नाही. मांड्यासारखी पातळ पसरायची कणिक म्हणूनच कोंड्याची करता येत नाही. शिवाय कोंडा पाणी हळूहळू पितो. मळून लगेच लाटलं तर तो नंतर तव्यावर पाणी ओढतो आणि चपाती वाळते. म्हणून त्या दिवशी आम्ही न चाळता, नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी घालून, जरा सैलसर मळलं आणि अर्धा तास झाकून ठेवलं. मग पुन्हा मळून लाटलं.

पहिल्याच आठवड्यात सगळं पीठ असं करू नका, असं मात्र मी तिला सांगितलं. एकदम तंतू वाढले आणि पाणी कमी प्यालं की पोट फुगतं. निम्मं चाळलेलं, निम्मं न चाळलेलं असं सुरू कर म्हटलं. गव्हाच्या ग्लुटेनचाच त्रास असेल त्याला मैदा आणि कणिक दोन्ही सारखेच वर्ज्य.

काल तिचा फोन आला होता. "काकांनी काही म्हटलं नाही बघ, खाल्ल्या गपगुमान. पण म्हशीला आता कोंडा कुठनं आणू?" बाजारातला आणायला सांगितलाय.