उंची आणि मिठातील आयोडीन

«मुलांची उंची आनुवंशिकतेने ठरते, आयोडीनयुक्त मीठ केवळ गलगंड टाळण्यासाठी असते.»

मुलांच्या उंचीवरील एका लेखातील या विधानाचा उत्तरार्ध मला पटत नाही. आयोडीन कमी पडले की थायरॉईड ग्रंथीत थायरॉक्सिन पुरेसे तयार होत नाही, आणि त्याअभावी वाढीचे संप्रेरक व हाडांच्या टोकांवरील वाढीचा कूर्चाभाग, दोन्ही मंदावतात. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात तर गर्भ बहुतांशी आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो. म्हणूनच तीव्र कमतरता असलेल्या मातांची काही मुले मतिमंदत्वासह कायमची ठेंगणी राहिली. आनुवंशिकता उंचीची मर्यादा ठरवते, परंतु अशा मुलांना त्या मर्यादेपर्यंत पोहोचताच येत नाही.

मी बीड जिल्ह्यात राहतो. आमच्याकडे आठवडी बाजारातून पोत्यातले खडे मीठ आणून, मळ जावा म्हणून धुऊन वापरणारी घरे अजूनही आहेत. आयोडीन खड्याच्या पृष्ठभागावर असल्याने धुण्यात त्याचा बराच भाग निघून जातो. ग्राहकापर्यंत पोहोचताना मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम आयोडीन हवे. तेवढेच असलेले ८ ग्रॅम मीठ रोज पोटात गेले तरी १२० मायक्रोग्रॅमच मिळतात, आणि गरोदर स्त्रीची गरज सुमारे २५० आहे. धुतलेल्या मिठात तर तेही उरत नाहीत. मीठ अधिक खाणे हा त्यावर उपाय नव्हे, बंद पाकिटातील आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत ठेवणे हा आहे. मात्र ज्या मुलाला आयोडीन आधीच पुरेसे मिळते, त्याची उंची या मिठाने आणखी वाढत नाही, हेही लेखात यायला हवे होते.