ब्रूनोच्या तपासण्या आणि चार आठवड्यांच्या गोळ्यांबद्दल

★☆☆☆☆ «ब्रूनोने सोमवारी उंदीर मारायचं औषध खाल्लं. त्याच दिवशी दुसरीकडे रक्त तपासलं, नॉर्मल आलं. शुक्रवारी इथे आणला तर परत त्याच टेस्ट, वर प्लाझ्मा. दोन दिवसांत ठणठणीत झाला तरी चार आठवड्यांच्या गोळ्या आणि त्या संपल्यावर पुन्हा टेस्ट! नुसतं बिल वाढवायचं काम.»

क्लिनिकचे उत्तर:

नमस्कार. आपलं फोनवर बोलणं झालं आणि रिपोर्टमधले आकडे इथे लिहायला तुम्ही हरकत घेतली नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही आणलेल्या पाकिटावर ब्रोमाडायोलोन होतं. हे विष रक्ताला थेट काही करत नाही. रक्त गोठवणारे काही घटक लिव्हरमध्ये तयार होतात आणि त्यातल्या चारांना, म्हणजे 2, 7, 9 आणि 10 नंबरच्या घटकांना, व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलेलं व्हिटॅमिन के शरीर पुन्हा वापरण्याजोगं करून घेतं. ब्रोमाडायोलोन नेमकं हेच बंद पाडतं. मात्र आधी तयार झालेले घटक रक्तात असतात, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस कुत्रा खातो, खेळतो, अगदी नेहमीसारखा दिसतो.

सोमवारचा रिपोर्ट खोटा नव्हता, पण त्यावरून विष बाधलं नाही असं म्हणता येत नव्हतं. चारांपैकी सातवा घटक सगळ्यांत लवकर संपतो. साधारण सहा तासांत तो निम्मा होतो. म्हणून सातव्या घटकावर अवलंबून असलेली पीटी, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणारी तपासणी, आधी बिघडते, तीही विष खाल्ल्यावर साधारण 36 ते 72 तासांनी. एपीटीटी ही गोठण्याचा वेळ मोजणारी दुसरी तपासणी, ती त्यानंतर वाढते. म्हणजे सोमवारी पीटी नॉर्मलच येणार होती. विष खाऊन तास-दोन तासच झाले असतील तर उलटी करवणं जास्त उपयोगाचं, आणि पीटी बघायची ती दोन-तीन दिवसांनी.

शुक्रवारी ब्रूनो आला तेव्हा हिरड्या पांढुरक्या होत्या, खोकला होता, श्वास भराभर चालला होता. आमच्या यंत्रावर निरोगी कुत्र्याची पीटी 7 ते 10 सेकंद येते, त्याची 62 आली. एपीटीटी 17 च्या आत हवी, ती 48 आली. प्लेटलेट 1,40,000, म्हणजे थोड्याच कमी. नुसत्या प्लेटलेट घटून रक्तस्राव होत असता तर त्या याहून खूप खाली गेल्या असत्या आणि पीटी जागेवर राहिली असती. सोनोग्राफीत छातीत द्रव दिसला, तो रक्तच असणार. सुई घालून तो काढला नाही, कारण न गोठणाऱ्या रक्तात सुईच्या छिद्रातूनही रक्तस्राव होतो. श्वास अगदीच अडला असता तर तो धोका पत्करला असता.

व्हिटॅमिन के लगेच सुरू केलं, पण त्यातून लिव्हरने नवे घटक बनवायला निदान सहा ते बारा तास जातात. छातीत रक्त साठत असताना तेवढं थांबणं मला मान्य नव्हतं. प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या द्रव भागात, तयार घटक असतात. 20 किलोच्या ब्रूनोला किलोमागे 10 मिली, म्हणजे 200 मिली दिला आणि पीटी 14 वर आली. तो दोन दिवसांत उभा राहिला त्यात याचा मोठा वाटा आहे.

आता गोळ्या. प्लाझ्मातले घटक एक-दोन दिवसांत संपतात, विष मात्र लिव्हरमध्ये आठवडेच्या आठवडे मुक्काम करतं. वॉरफरिन या उंदरांच्या जुन्या विषाला कमी दिवस पुरायचे, ब्रोमाडायोलोनला तीन-चार आठवडे लागतात. तो ठणठणीत दिसतोय तो रोज बाहेरून व्हिटॅमिन के मिळतंय म्हणून. गोळ्या मध्येच सोडल्या तर दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच सुरू होईल, आणि अशी परत आलेली कुत्री मी पाहिली आहेत. म्हणून 50 मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, थोड्या स्निग्ध जेवणासोबत. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. आणि कळकळीची विनंती, दुकानात बदलून घेऊ नका. आपल्याला के1 हवं, म्हणजे फायटोमेनाडिओन. के3, म्हणजे मेनाडिओन, या विषावर चालत नाही.

गोळ्या चालू असताना पीटी केली तर ती नॉर्मलच येईल, त्यातून विष उरलंय का ते कळत नाही. म्हणून शेवटच्या गोळीनंतर 48 ते 72 तासांत एकदाच, फक्त पीटी. नॉर्मल आली तर उपचार संपले. वाढलेली आली तर रक्तस्राव व्हायच्या आत गोळ्या पुन्हा सुरू करू आणि दोन आठवड्यांनी तसंच बघू.

तोपर्यंत त्याला पळवू नका, उड्या मारू देऊ नका. खोकला, सुस्ती, पांढऱ्या हिरड्या किंवा कुठे अचानक सूज दिसली तर तारखेची वाट न बघता रात्रीसुद्धा घेऊन या.