बझरवर ‘सा’ लावताना delayMicroseconds का पुरत नाही

> “एवढ्याशा कामासाठी टायमर, प्रीस्केलर, रजिस्टर असा फापटपसारा कशाला मांडलात? पिन वर करायची, delayMicroseconds, पिन खाली करायची, पुन्हा delayMicroseconds. दहा ओळींत सूर वाजतो. बझर आहे हा, सतार नाही. ४४० हर्ट्झच्या जागी ४३७ वाजले तर कुणाच्या कानाला कळणार आहे? उगाच नवख्या लोकांना घाबरवू नका.”

नमस्कार. ४४० आणि ४३७ मध्ये साधारण १२ सेंटचा फरक आहे (एका सप्तकाचे १२०० सेंट धरतात). एकच सूर सुटा वाजवला तर हा फरक बहुतेकांना कळणार नाही, हे मला मान्य आहे. दाराची घंटा किंवा धोक्याचा इशारा वाजवायचा असेल तर तुमच्या दहा ओळी पुरेशा आहेत. पण लेख सुरावटीबद्दल होता, आणि सुरावटीत एका सुराचं दुसऱ्याशी असलेलं नातं ऐकू येतं. delayMicroseconds ची पद्धत नेमकं हेच नातं बिघडवते.

सोयीसाठी ‘सा’ २४० हर्ट्झचा धरू. एका आवर्तनात पिन दोनदा पालटते, म्हणून अर्धं आवर्तन २०८३ मायक्रोसेकंदांचं. तुम्ही २०८३ चा विलंब दिलात, तरी digitalWrite चा वेळ आणि लूपचा वेळ त्यात मिळवला जातोच. १६ मेगाहर्ट्झच्या अर्डुइनो उनोवर हा जादा वेळ काही मायक्रोसेकंदांचा असतो. हिशेबासाठी ६ धरू. २०८३ मध्ये ६ म्हणजे सूर जेमतेम ५ सेंट उतरला. इथवर तुमचं म्हणणं बरोबर आहे.

आता तीन सप्तकं वरचा ‘सा’ घ्या, म्हणजे १९२० हर्ट्झ. अर्धं आवर्तन आलं २६०, आणि त्यातही तेच ६ मिळवायचे. २६६ मायक्रोसेकंद झाले की सूर साधारण ३७ सेंट उतरतो. खालचा ‘सा’ ५ सेंटनी उतरलेला आणि वरचा ३७ सेंटनी, म्हणजे दोन्ही ‘सा’ एकमेकांशी जुळतच नाहीत. या ३२ सेंटचं मोजमाप कानाला कळावं म्हणून सांगतो: स्वयंभू गांधार आणि कीबोर्डवरचा समविभागी गांधार यांत सुमारे १४ सेंटचं अंतर असतं, आणि सुरात मुरलेल्या कानाला तेवढंही खटकतं.

माझा सगळा आग्रह इथून येतो. चूक सगळ्या सुरांना सारख्या प्रमाणात लागली तर बिघडत नाही. उनोवर १६ मेगाहर्ट्झ देणारा सिरॅमिक रेझोनेटर अर्धा टक्काही इकडेतिकडे असू शकतो, म्हणजे ८-९ सेंट. पण त्याने सगळेच सूर एकदम सरकतात. पेटीची पट्टी किंचित उतरलेली असावी तसं. गाणं सुरात राहतं. विलंबाच्या लूपमधली चूक मात्र प्रमाणात नसते, ती बेरजेने लागते. म्हणून सूर जितका वरचा तितकी ती जास्त टोचते.

तुम्ही म्हणाल, मग ६ वजा करून टाकू. करून बघा, काही प्रमाणात जमेलही. पण हा आकडा बोर्डावर अवलंबून आहे, कंपायलरवर आहे, इतकंच काय पिनेवरही आहे: पीडब्ल्यूएमची सोय असलेल्या पिनेवर digitalWrite ला थोडी जास्त कामं करावी लागतात. शिवाय millis चालवणारा इंटरप्ट दर १०२४ मायक्रोसेकंदांनी मध्ये घुसतो आणि काही मायक्रोसेकंद खातो. १९२० हर्ट्झला त्याचा फटका साधारण दर चौथ्या अर्ध्या आवर्तनाला बसतो. त्यामुळे वरच्या सुरांत जी बारीक खरखर ऐकू येते, ती कुठलाही आकडा वजा करून जात नाही.

टायमरमध्ये ही बेरीज होतच नाही, कारण मोजणी हार्डवेअर करतं आणि पिनही तेच पालटतं. सूत्र असं:

```
f = F_CPU / (2 * N * (1 + OCR1A))
```

F_CPU म्हणजे घड्याळाची गती, उनोवर १६ मेगाहर्ट्झ. N म्हणजे प्रीस्केलर, त्या गतीला भागणारा आकडा. तो ८ घेतला तर ‘टायमर १’ दर सेकंदाला २० लाख टिचक्या मोजतो. २४० हर्ट्झसाठी अर्ध्या आवर्तनात ४१६६.६७ टिचक्या हव्यात. त्या ४१६७ घ्यायच्या, आणि मोजणी शून्यापासून असल्यामुळे OCR1A या रजिस्टरमध्ये एक कमी लिहायचा. प्रत्यक्षात २३९.९८ हर्ट्झ मिळतात. १९२० साठी ५२१ टिचक्या, म्हणजे १९१९.३९ हर्ट्झ: चूक अर्ध्या सेंटच्या आसपास. नवख्यांना घाबरवणारा जो भाग तुम्ही म्हणता, तो एवढाच आहे:

```c
DDRB  |= (1 << PB1);                  // उनोची पिन ९
TCCR1A = (1 << COM1A0);               // जुळणी झाली की पिन पालट
TCCR1B = (1 << WGM12) | (1 << CS11);  // CTC: जुळणी झाली की मोजणी शून्यावर; प्रीस्केलर ८
OCR1A  = 4166;                        // २४० हर्ट्झ
```

तयार tone() वापरायलाही माझी हरकत नाही. फक्त उनोवर ते ८ बिटांचा टायमर २ वापरतं, त्यामुळे टिचक्या २५६ च्या आत बसवाव्या लागतात आणि अपूर्णांक सरळ कापला जातो. ३१३६ हर्ट्झ मागितले तर हिशेबात ७९.७ येतात, त्यातले ७९ उरतात आणि वाजतात ३१६५ हर्ट्झ. सूर सुमारे १६ सेंट चढला. शेजारच्या ३५२० ला मात्र भागाकार जवळजवळ नि:शेष जातो आणि तो सूर चोख लागतो. म्हणजे इथेही चूक प्रत्येक सुराची वेगळी. खालच्या सप्तकांत हा त्रास बराच कमी असतो.

‘बझर आहे, सतार नाही’ याबद्दलही एक सांगायला हवं. चौकोनी लहरीत मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम स्वरांश असतात. पिझो बझर काही हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत मोठ्याने बोलतो, त्यामुळे खालचा ‘सा’ आपल्याला बराचसा या स्वरांशांतूनच ऐकू येतो. आवाज पातळ, कर्कश वाटतो हे खरं, पण सुराची उंची कान अचूक ओळखतो.

आता टायमरच्या पद्धतीतली एक खरी अडचण, जी तुम्ही विचारली नाहीत पण वापरणाऱ्याला हमखास भेटते. वरच्या कोडमध्ये सूर वाजत असताना OCR1A बदलला की नवा आकडा त्याच क्षणी लागू होतो. समजा २४० वरून ४८० वर जायचं आहे, म्हणजे ४१६६ च्या जागी २०८२ लिहायचे. त्या क्षणी टायमर ३००० वर असेल तर जुळणीची जागा मागे पडलेली असते. तो ६५५३५ पर्यंत मोजत जातो, शून्यावर येतो, आणि मग २०८२ गाठतो. तेवढा वेळ पिन थिजलेली. सुमारे ३० मिलिसेकंदांची फट पडते. सप्तकाच्या उडीत हे निम्म्या वेळा होतं, ‘सा’ वरून ‘रे’ वर जाताना नऊ-दहांत एखाद्या वेळी. ओळखायची खूण अशी: अडखळ फक्त आरोहात येते, अवरोहात कधीच नाही.

त्यावर उपाय आहे याच टायमरचा मोड १५. त्यात OCR1A मध्ये लिहिलेला आकडा राखून ठेवला जातो आणि टायमर शून्यावर आल्यावरच लागू होतो. सूत्र तेच राहतं, पिनही तशीच पालटते:

```c
TCCR1A = (1 << COM1A0) | (1 << WGM11) | (1 << WGM10);
TCCR1B = (1 << WGM13) | (1 << WGM12) | (1 << CS11);
```

तुमच्या दहा ओळींनी २४०, ४८०, ९६०, १९२० असे चार ‘सा’ एकामागोमाग वाजवा, आणि मग हेच चार या कोडने. पॅसिव्ह बझरच घ्या. अ‍ॅक्टिव्ह बझरमध्ये स्वतःचा ऑसिलेटर असतो, त्याला कुठलाही आकडा दिला तरी तो आपलाच सूर लावतो. काय ऐकू आलं ते इथे नक्की लिहा.