'इंग्लिशला प्रत्येक प्रश्नाला 40 सेकंद' वाल्या मेसेजबद्दल

"बँकेच्या प्रिलिम्सला इंग्लिशचे 30 प्रश्न, 20 मिनिटं. म्हणजे प्रत्येकी 40 सेकंद, त्याच्यावर एक सेकंद द्यायचा नाही. सगळ्यात आधी पॅराजंबल उडवा, एकदम 5 मार्क येतात. पॅसेज शेवटी, वेळ उरला तर. इंग्लिश 12-13 मिनिटांत संपवा आणि वाचलेला वेळ गणिताला द्या. शेवटी जे राहील त्याला डोळे मिटून गोळ्या मारा, एकही सोडू नका. माझं सिलेक्शन असंच झालंय."

सिलेक्शन झालं त्याबद्दल अभिनंदन, मनापासून. पण हा मेसेज गेल्या महिन्याभरात मला चार ग्रुपवर आलाय आणि आमच्या मावशीचा पोरगा आयबीपीएस क्लार्कचे मॉक याच पद्धतीने देत बसला होता, म्हणून लिहितोय. मी स्वतः दोनदा प्रिलिम्सला इंग्लिशच्या कटऑफला आपटून मग लागलेला माणूस आहे, त्यामुळे सेक्शन कुठे कुठे हातातून सुटतो ते थोडंफार माहितीय.

आधी वेळ वाचवून गणिताला द्यायचा मुद्दा, कारण तो सरळ सरळ चूक आहे. पूर्वी तिन्ही सेक्शनला मिळून एक तास असायचा तेव्हा हा सल्ला बरोबर होता. आता प्रत्येक सेक्शनला वेगळी 20 मिनिटं आहेत, इंग्लिश 13 मिनिटांत संपवलंत तर उरलेली 7 मिनिटं स्क्रीनकडे बघत बसायचं, ती पुढे जात नाहीत. त्यामुळे घाईचं बक्षीस काही नाही. 20 मिनिटं इंग्लिशचीच आहेत, ती पूर्ण वापरायची. प्रश्न फक्त कुठे वापरायची एवढाच आहे.

आता ते 40 सेकंद. 1200 भागिले 30, भागाकार बरोबरच आहे हो, पण ही सरासरी आहे, रेशन नाही. फिलर, म्हणजे गाळलेली जागा, शब्द माहीत असेल तर 20 सेकंदांत सुटते आणि माहीत नसेल तर दोन मिनिटं टक लावून बघितलं तरी सुटत नाही. एरर डिटेक्शनचंही तसंच, कुठे बघायचं हे माहीत असलं की झालं. एक वाक्य घ्या: 'वन ऑफ द क्लार्क्स / हू वर्क इन धिस ब्रांच / हॅव बीन / ट्रान्सफर्ड टू सांगली / नो एरर'. माझा हा मावसभाऊ यावर सव्वा मिनिट बसला होता, कारण तो पहिल्या शब्दापासून मराठीत भाषांतर करत गेला, मग 'हू वर्क' वर अडकला की 'वर्क्स' पाहिजे का. ते 'वर्क' बरोबर आहे, तिथे 'हू' म्हणजे अनेक क्लार्क. चूक आहे 'हॅव बीन' मध्ये, कारण बदली 'वन' ची झालीय, म्हणून 'हॅज बीन'. वाक्य वाचायच्या आधी मुख्य क्रियापद शोधायचं आणि मागे त्याचा कर्ता शोधायचा, नंतर काळ, नंतर प्रीपोझिशन, या क्रमाने नजर फिरली की 20-25 सेकंद पुरतात. आणि तीन ठिकाणी नजर फिरवून काहीच खटकलं नाही तर 'नो एरर' द्यायचं धाडस करा, तो पर्याय शोभेला ठेवलेला नसतो.

म्हणजे या प्रश्नांना 40 सेकंद जास्त होतात आणि पॅसेजला कमी पडतात, सगळा घोळ तिथे आहे.

पॅसेज शेवटी ठेवायचा का? तर मुळीच नाही, पण पहिला पण घ्यायचा नाही (म्हणजे बहुतेकांनी, रोज इंग्लिश पेपर वाचणाऱ्याने खुशाल पहिला घ्यावा). कारण सांगतो. समजा 500 शब्दांचा पॅसेज आणि खाली 8 प्रश्न आहेत. मराठी मीडियममधून आलेला बरा वाचणारा मिनिटाला 180 शब्द वाचेल, म्हणजे नुसतं वाचायलाच पावणेतीन मिनिटं. हे भांडवल आहे, एकदा घातलं की आठही प्रश्नांना उपयोगी पडतं, पण शेवटी चार मिनिटं उरल्यावर पॅसेज उघडला की भांडवल घालून होतं आणि सोडवायला जेमतेम सव्वा मिनिट राहतं. याच्यापेक्षा वाईट सौदा अख्ख्या सेक्शनमध्ये दुसरा नाही. आठमधले दोनएक प्रश्न शब्दांचे असतात, समानार्थी किंवा विरुद्धार्थी, ते अख्खा पॅसेज न वाचता शब्द ठळक केलेला असतो त्याच्या आजूबाजूचं वाक्य वाचून 20 सेकंदांत होतात. दोनएक सरळ माहितीचे असतात, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे. उरलेले चार अनुमानाचे किंवा एक-दोन-तीन विधानं देऊन यातलं कुठलं खरं असे, त्यांना पाऊण मिनिट तरी लागतं. हे सगळं मिळून साडेसात मिनिटांच्या जवळ जातं. मी काय करायचो, तीन विधानांवाला सगळ्यात लांबलचक प्रश्न डोळ्यासमोरून सोडून द्यायचो. एक प्रश्न गेला पण पाऊण मिनिट वाचलं आणि पॅसेज पावणेसात मिनिटांत बसला.

पॅराजंबल आधी, एकदम 5 मार्क. इथे मला खरंच राग येतो, कारण अर्धं खरं सांगितलंय. पाच-सहा वाक्यं उलटीसुलटी दिलेली असतात आणि खाली चार-पाच प्रश्न एकाच क्रमावर, पहिलं वाक्य कोणतं, तिसरं कोणतं, शेवटचं कोणतं. क्रम बरोबर लागला तर पाच मार्क येतात हे खरं, पण दोन वाक्यांची जरी अदलाबदल झाली तरी दोन उत्तरं जातात, पहिलंच वाक्य चुकलं तर बऱ्याचदा पाचही जातात आणि वर सव्वा मार्क कापला जातो. त्यात हा प्रकार चिकट आहे. चार मिनिटं घातल्यावर माणूस सोडत नाही, 'आता होईलच' म्हणत अजून दोन घालतो. म्हणून हे शेवटी, आणि शेवटीसुद्धा अटीवर. पहिल्या 40-45 सेकंदांत दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत, सुरुवातीचं वाक्य आणि एक तरी पक्की जोडी. सुरुवातीच्या वाक्यात 'हाउएवर' नसतं, आणि आधी कुणाचा उल्लेखच झालेला नाही अशा 'दे' किंवा 'धिस' ने सहसा सुरुवात होत नाही. जोडी म्हणजे कशी, एका वाक्यात 'द बँक डिसायडेड टू क्लोज द ब्रांच' आहे आणि दुसऱ्यात 'धिस डिसीजन अँगर्ड द फार्मर्स', तर दुसरं पहिल्याच्या पाठीलाच येणार. या दोन्ही गोष्टी दिसल्या तर अजून सव्वादोन मिनिटं द्या, नाही दिसल्या तर त्या सेटचं तोंड पण बघू नका.

भावाच्या मॉकमध्ये नेमकं काय झालं ते सांगतो. पेपर असा होता: पॅसेजचे 8, क्लोज टेस्टचे 6, एररचे 5, पॅराजंबलचे 5, फिलरचे 3 आणि शब्दांची अदलाबदल करायचे 3. मेसेजप्रमाणे त्याने जंबलने सुरुवात केली, सहा मिनिटं गेली, पाचही चुकले. मग घाबरून बाकीचं पळत पळत केलं आणि पॅसेजला साडेतीन मिनिटं उरली. एकूण 27 सोडवले, 14 बरोबर, 13 चूक, म्हणजे 14 वजा सव्वातीन, पावणेअकरा.

त्याच पॅटर्नच्या पुढच्या मॉकला आम्ही क्रम बदलला. आधी तिन्ही फिलर सव्वा मिनिटात, मग एरर अडीच मिनिटांत, शब्दांची अदलाबदल दोन मिनिटांत, क्लोज टेस्ट तीन मिनिटांत (क्लोज सोडवताना आधी अख्खा उतारा एकदा वाचायचा, थेट पहिल्या गाळलेल्या जागेवर उडी मारायची नाही, पुढचं वाक्य मागचं उत्तर सांगतं). इथपर्यंत पावणेनऊ मिनिटं. मग पॅसेजला सात, म्हणजे घड्याळात पावणेसोळा झाले. जंबलला जास्तीत जास्त तीन. राहिलेलं सव्वा मिनिट मार्क करून ठेवलेल्या प्रश्नांना. त्या दिवशी जंबलमध्ये पहिलं वाक्यच मिळेना, त्याने पाचही सोडले आणि ती मिनिटं पॅसेजच्या अवघड प्रश्नांना दिली. 23 सोडवले, 19 बरोबर, 4 चूक, मार्क 18. प्रश्न कमी सोडवून मार्क सव्वासात जास्त. एका मॉकवरून फार काही सिद्ध होत नाही हे मान्य, पेपर सोपा-अवघड असतोच, पण पहिल्या पेपरात वेळ कुठे गेला ते तरी दिसतं.

हे मिनिटांचे आकडे काही दगडावर कोरलेले नाहीत. पेपरात प्रकार बदलतात, कधी क्लोज नसते, कधी दोन पॅसेज येतात. म्हणून सेक्शन सुरू झाला की पहिले 20-25 सेकंद नुसतं चाळायचं, कुठला प्रकार कितव्या नंबरला आहे ते बघायचं.

राहिल्या गोळ्या. पाच पर्याय असतात आणि चुकीला पाव मार्क जातो. डोळे मिटून मारलं तर पाचात एक बरोबर, चार चूक, म्हणजे एक मार्क आला आणि चार गुणिले पाव असा एक गेला, हिशोब शून्य. नुकसान पण नाही म्हणाल, पण नशीब खराब असलं तर कटऑफच्या काठावरून खाली येता. दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळलं तर उरलेल्या तिघांतून मारलेली गोळी सरासरी मार्काचा सहावा भाग मिळवून देते, आणि दोघांत आलं तर मार्काच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्तच, तिथे खुशाल मारा. ज्या पेपरला निगेटिव्ह नसतं, जसं आपल्याकडची एमबीएची सीईटी, 200 प्रश्न 150 मिनिटं, तिथे एकही रिकामा सोडायचा नाही हे अगदी बरोबर. बहुतेक हा सल्ला तिथूनच उचलून इकडे चिकटवलाय.

आणि प्रश्न मागेपुढे सोडवणार असाल तर एक गोष्ट मेसेजवाल्याने सांगायला हवी होती. उत्तर निवडून `Save & Next` न दाबता थेट उजवीकडच्या प्रश्न क्रमांकावर क्लिक केलं तर ते उत्तर सेव्ह होत नाही. माझे पहिल्या वेळेला असेच तीन फिलर गेले, येत असलेले. `Mark for Review & Next` दाबलं आणि पर्याय निवडलेला असला तर मात्र तो प्रश्न तपासला जातो, म्हणून शंका असलेल्याला मार्क करताना पर्याय नको असेल तर आधी `Clear Response` दाबा.