बिलात न दिसणारे दोन लाख : ढोबळीच्या हिशोबाबद्दल

ढोबळी मिरचीचा हिशोब मी मागं लिहिला होता, त्यावर एका वाचकानं लिहिलंय:

«दहा गुंठ्यांत ढोबळी करून वर्षाला दोन लाख चाळीस हजार राहतात म्हणता. कर्जाचं व्याज कुठं धरलंय? स्वतःची मजुरी? आमच्या उचगाव भागातल्या एका पाव्हण्यानं असंच वाचून पॉलिहाऊस उभं केलं, तिसऱ्या पावसाळ्यात वरचा प्लास्टिकचा कागद फाटला आणि आता नुसते पाईप उभे आहेत. अर्धा हिशोब सांगून माणसं कर्जात घालू नका.»

दादा, तुमचं म्हणणं खरं आहे. मी लिहिला तो पिकाचा हिशोब होता, पॉलिहाऊसचा नव्हता. तो फरक तिथंच सांगायला हवा होता. आता वही समोर घेऊन पूर्ण मांडतो.

उभारणी माझी अकराशे रुपये चौरस मीटरने झाली. दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर, त्याचे ११ लाख. ठिबक, वाळूचा फिल्टर आणि खताची टाकी मिळून ७० हजार. तांबडी माती, शेणखत आणि भाताचा कोंडा आणून बेड करायला १ लाख १० हजार गेले. एकूण १२ लाख ८० हजार. त्यातले साडेचार लाख अनुदानाचे परत आले. ते ठरलेल्या मापदंडाच्या दराने मिळतं, आपल्या बिलाच्या निम्मं नाही. शिवाय आधी पैसे घालायचे आणि नंतर मिळायचे. मला १४ महिने लागले. दहा टक्क्यांनी तेवढ्या काळाचं व्याजच ५२,५०० झालं आणि ते मी कधी खर्चात लिहिलंच नाही. बँकेत जाताना ही रक्कम वेगळी धरून जा.

पिकाचं बघू. २,५०० रोपं दहा रुपयांनी २५ हजार, खतं आणि फवारणी ९० हजार, एक बाई ३०० रुपये रोजानं २७० दिवस म्हणजे ८१ हजार, दोरी आणि क्लिपा १५ हजार. क्रेट, गाडी आणि दलाली किलोमागं ५ रुपये. माल ९ टन निघाला, म्हणजे ४५ हजार. बेरीज २ लाख ५६ हजार. सरासरी ५५ रुपयांनी ४ लाख ९५ हजार आले. वजाबाकीत राहिलेले ते २ लाख ३९ हजार, ज्यावर तुमचा राग आहे.

आता उरलेलं घालू. रोज सकाळचा अर्धा दिवस शेंडे वळवण्यात माझा जातो. त्याचे ३०० दिवसांचे दोनशेनं ६० हजार. अनुदान वजा जाता अडकलेल्या ८ लाख ३० हजारांवर व्याज ८३ हजार. कागद बदलायला जोडणीसकट ६६ हजार लागतात आणि तीन वर्षं धरली तर वर्षाला २२ हजार. बाकी सांगाडा, ठिबक आणि बेडचा खर्च पंधरा वर्षांत वाटला तर ५१ हजार. सगळं मिळून ४ लाख ७२ हजार. हातात राहतात २३ हजार. किलोला खर्च पडतो साडेबावन्न रुपये.

म्हणजे ५५ चा भाव आला तर आपण तरतो आणि ४५ आला तर ६७ हजारांचा खड्डा पडतो. गोव्याची गाडी आठवडाभर थांबली की बेळगावच्या मार्केटात काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल. अनुदान मिळालंच नाही तर व्याज आणि घसारा मिळून वर्षाला ७५ हजार वाढतात. मग ५५ लाही तोटाच. म्हणून ज्याला अनुदान नक्की नाही त्याला मी आता स्पष्ट 'नको' म्हणतो. स्वतःचे पैसे घालणाऱ्याला व्याज द्यावं लागत नाही, त्याचं गणित वेगळं. त्यानं ते व्याज उत्पन्नातून कागदाच्या नावानं बाजूला ठेवावं.

पण पाव्हण्यांचा कागद फाटला म्हणून ते काम वाईट, हे मला पटत नाही. कागद अचानक फाटत नाही. उन्हानं तापलेल्या पाईपला टेकून असतो तिथं तो आधी पिवळसर आणि कडक होतो. बोटानं दाबला की चुरमुरतो. कागद धरून ठेवणाऱ्या प्रोफाइलच्या पट्टीतली स्प्रिंग ढिली पडली की वाऱ्यात फडफड सुरू होते आणि तिथूनच पहिली चीर जाते. आमच्याकडं जून-जुलैत पश्चिमेचा वारा येतो. त्या वेळी पश्चिमेचा पडदा उघडा राहिला तर वारा आत शिरून कागद खालून उचलतो. मे संपायच्या आत मी शिडी लावून प्रत्येक स्प्रिंग हातानं दाबून बघतो, पाईपवर जिथं तो टेकतो तिथं पांढरा रंग देतो आणि वारा सुटला की आधी पश्चिमेचा पडदा खाली घेतो. माझा कागद चौथ्या वर्षात आहे.

पाव्हण्यांचे पाईप सरळ असतील आणि पाया हललेला नसेल तर सांगाडा वाया गेलेला नाही. त्यांना कळवा, ६६ हजारांत कागद बसतो. फक्त त्याआधी मुळं उपटून बघा. दोन-तीन वर्षं तीच ढोबळी लावली असेल तर मुळांवर गाठी दिसतील, आणि गाठी दिसल्या तर सूत्रकृमीचा बंदोबस्त झाल्याशिवाय एक रोपही लावू नका.