शिक्षा नाही म्हणजे मोकळं रान?

"पायलटने चूक करायची, मग गुपचूप रिपोर्ट टाकून शिक्षेतून सुटायचं! यालाच म्हणे सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम. अहो, विमानात सगळं रेकॉर्ड होतं. रेकॉर्ड काढा, लायसन्स रद्द करा, चुका आपोआप थांबतील."

सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम म्हणजे धोके अपघाताआधीच शोधून दूर करायची विमान कंपन्यांची पद्धत, आणि पायलटचे रिपोर्ट हा तिचाच एक भाग. आधी रेकॉर्डचं बघू. विमान किती खाली आलं हे रेकॉर्डर सांगतो. तितकं खाली यायला हरकत नाही असं पायलटला का वाटलं, हे मात्र त्यालाच विचारावं लागतं. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकन एअरलाइनचं फ्लाइट ५१४ अमेरिकेत डलेस विमानतळाकडे येत होतं. धावपट्टी ४४ मैलांवर असतानाच जमिनीवरच्या कंट्रोलरने अप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याची, परवानगी दिली. पायलटांनी धरलं की आता १,८०० फुटांवर यायला हरकत नाही, वाटेत डोंगर असता तर कंट्रोलरने उंची बांधून दिलीच असती. कंट्रोलरच्या मते डोंगर टाळणं हे पायलटचं काम. विमान माउंट वेदरवर आदळलं आणि ९२ जण गेले.

सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान तिथेच, याच गोंधळातून, थोडक्यात वाचलं होतं. त्या पायलटांनी कंपनीच्या अंतर्गत योजनेत रिपोर्ट दिला आणि युनायटेडने आपल्या सगळ्या पायलटांना सावध केलं. लायसन्स जाणार अशी भीती असती तर सुखरूप उतरल्यावर कोण कशाला बोललं असतं? बाकी कंपन्यांपर्यंत मात्र ती गोष्ट पोचली नाही.

म्हणून सर्वांसाठी एकच योजना हवी होती. १९७५मध्ये अमेरिकेची विमान नियामक संस्था एफएएने ती स्वतः काढली, पण दंड करणाऱ्याच्याच हातात कबुलीजबाब कोण देणार? म्हणून १९७६पासून हे काम दंड न करणाऱ्या नासाकडे आलं. फॉर्मवरची नावाची पट्टी तारखेचा शिक्का मारून पाठवणाऱ्याला परत जाते. पुढे कारवाई झालीच तर तीच पट्टी त्याचा पुरावा.

आणि सूट सरसकट नाही. अपघात आणि गुन्हे यातून वगळलेले आहेत, मुद्दाम केलेल्या उल्लंघनालाही माफी नाही. रिपोर्ट दहा दिवसांत द्यावा लागतो. नियम मोडल्याची नोंद तरीही होऊ शकते, टळतो तो दंड किंवा लायसन्सचं निलंबन. हे अटी न वाचताच 'मोकळं रान' म्हणणाऱ्यांसाठी.

रिपोर्टची खरी उणीव वेगळीच आहे. एखाद्या अप्रोचबद्दल पाच रिपोर्ट आले, तर चूक पाचदाच झाली की पन्नासदा, हे त्यावरून कळत नाही. तेव्हा एअरलाइनला त्या अप्रोचवरच्या आपल्या सगळ्या फ्लाइट्सचा डेटा काढून किती विमानं ठरलेल्या उंचीखाली गेली ते पाहावं लागतं. पण कुठला अप्रोच तपासायचा, हे बहुतेकदा एखाद्या पायलटच्या रिपोर्टमुळेच समजतं.