पाइपलाइनच्या बिलाबाबत आमचे उत्तर

★☆☆☆☆ "मूळ ठेकेदार म्हणतो, विभागाचे पैसे आले की देतो. रिटेन्शनही दाबून ठेवलं. यांना समाधान पोर्टलवर केस टाका म्हटलं तर सरळ नाही म्हणाले. फी फुकट गेली."

भाऊ, तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये पाइप, खोदाई आणि जोडणी एकत्र आहे, म्हणजे ते वर्क्स कॉन्ट्रॅक्ट झालं. समाधान पोर्टल ज्या एमएसएमई कायद्यावर चालतं, त्याखाली असं काम येत नाही, हे नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये वर्ध्याच्याच एका प्रकरणात म्हटलंय. केस टाकली की समोरचा हाच निकाल पुढे करणार, आणि तिकडे दाव्याची तीन वर्षांची मुदत संपत जाणार. नुसता माल पुरवला असता आणि उद्यम नोंदणी करारापूर्वीची असती, तर आम्हीच फॉर्म भरला असता. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने "मला मिळाले की देतो" ही अट जवळपास बाद केली आहे आणि अ‍ॅडज्युडिकेटर साधारण २८ दिवसांत निकाल देतो. आपल्याकडे ठेकेदारीसाठी तसा कायदा नाही, याची आम्हालाही खंत आहे.

पण ती अट म्हणजे पैसे बुडाले असं नाही. तुमच्या ऑर्डरमध्ये "विभागाकडून रक्कम मिळाल्यापासून १५ दिवसांत" असं आहे. म्हणून ती कधी मिळाली, हे आधी कागदावर आणायचं. विभागाला माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. आपल्या साखळीच्या, म्हणजे आपण काम केलेल्या लांबीच्या, मोजमाप पुस्तकातील म्हणजे एमबीतील नोंदी, मंजूर आर.ए. बिल म्हणजे चालू बिल आणि पेमेंटची तारीख, एवढंच मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.

तुमचे खरे आकडे इथे टाकत नाही. समजा, २,००० मीटर काम २१० रुपये दराने केलं, बिल ४,२०,००० चं. एमबीत १,७०० मीटर चढलंय आणि त्याचं पेमेंट विभागाकडून होऊन १५ दिवस उलटलेत. मग ३,५७,००० मधून ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम, १७,८५० वजा जाऊन ३,३९,१५० रुपये आजच देणं लागतं. त्याची नोटीस तारखेसह स्पीड पोस्टाने द्या. उरलेले ३०० मीटर का चढले नाहीत, ते वेगळं विचारा. बहुतेक वेळा टेस्टिंग किंवा रस्ता दुरुस्ती राहिलेली असते. ते काम मूळ ठेकेदाराच्या वाट्याचं असेल, तर स्वतःच्या चुकीचा आडोसा त्याला घेता येणार नाही, हेही नोटिशीत लिहा.

रिटेन्शनचं मात्र कठीण आहे. ते "विभागाने मूळ ठेव सोडल्यावर" मिळेल असं लिहिलेलं आहे, म्हणजे त्याच योजनेतल्या टाकीचं काम रखडलं तरी तुमचे पैसे अडकणार. पुढच्या ऑर्डरमध्ये आपल्या साखळीचं काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून १२ महिने, असं लिहून घ्या.

तुमच्या ऑर्डरमध्ये लवादाचं कलम आहे, त्यामुळे नोटिशीनंतरही पैसे आले नाहीत तर कोर्टाआधी लवाद मागावा लागेल. एमबीची नक्कल हाती आली की कार्यालयात या. नोटिशीचा मसुदा भरलेल्या फीमध्येच आहे.